कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या : प्रमाण, पद्धत आणि मर्यादा

हिवाळ्याची चाहूल लागली की वसतिगृहात घसा धरण्याच्या तक्रारी सुरू होतात. एका खोलीत एका मुलाला खोकला झाला, की आठवड्याभरात शेजारच्या दोन-तीन खाटांपर्यंत तो पोहोचतो. त्या दिवसांत घरून येणाऱ्या प्रत्येक फोनवर पालकांचा एक सल्ला ठरलेला असतो : “मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर.” सल्ला योग्यच आहे. परंतु पाणी किती, मीठ किती, ते किती गरम, गुळणी नेमकी कशी करावयाची आणि ती कोणी करू नये, हे त्या फोनवर सहसा कोणी सांगत नाही. मग कोणी पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकतो, तर कोणी मूठभर. कोणी चटका बसेल इतके गरम पाणी तोंडात घेतो आणि घसा बरा होण्याऐवजी अधिक सोलपटतो. म्हणून या साध्या उपचाराची रीत येथे थोड्या विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करणे इष्ट ठरेल. चूळ भरणे आणि गुळणी करणे ही दोन वेगळी कामे आहेत. चूळ भरताना पाणी गालांत आणि दातांभोवती खेळते व तेथूनच बाहेर टाकले जाते. घशासाठी जी गुळणी करावयाची, तिच्यात मान किंचित मागे टाकून पाणी घशाच्या तोंडाशी, म्हणजे पडजीभ आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या टॉन्सिलच्या गाठी जेथे असतात तेथे, थोपवून धरावयाचे आणि आतून सोडलेल्या श्वासाने ते खळखळवावयाचे असते. आयुर्वेदातील गंडूष व कवल हे विधीही मुख्यतः तोंडासाठी आहेत. गंडूषात तोंड द्रवाने इतके भरावयाचे की तो हलवता येऊ नये. कवलात तो तोंडात फिरवता येईल इतकाच घ्यावयाचा. घसा दुखत असताना अनेक मुले प्रत्यक्षात केवळ चूळ भरतात आणि ‘गुळण्या केल्या, तरी काही फरक नाही’ अशी तक्रार घेऊन येतात. पाणी दुखऱ्या जागेपर्यंत गेलेलेच नसते, तेव्हा फरक पडणार तरी कोठून?

आता मिठाविषयी. आपल्या रक्तात, अश्रूंत आणि शरीरातील अन्य द्रवांत क्षारांचे प्रमाण असे असते की ते ढोबळमानाने शंभर भाग पाण्यात 0.9 भाग मिठाच्या द्रावणाशी जुळते. रुग्णालयात शिरेवाटे जे ‘सलाईन’ देतात, तेही याच प्रमाणाचे, म्हणजे एका लिटरमध्ये नऊ ग्रॅम मीठ असलेले असते. गुळणीचे पाणी याहून अगदी थोडे अधिक खारट असावे, हा सगळ्या प्रमाणाचा गाभा आहे. सुजलेल्या घशाच्या अस्तरात पाणी साचलेले असते. बाहेरचे पाणी आतल्या द्रवापेक्षा किंचित अधिक खारे असले, की आतील थोडे पाणी बाहेर ओढले जाते आणि सूज व ताण काही काळ हलके वाटतात. शिवाय खारे कोमट पाणी घशाला चिकटलेला घट्ट कफ सैल करते आणि त्यासोबत साचलेली घाण वाहून नेते. हा परिणाम वरवरचा आणि तासा-दोन तासांपुरता असतो. म्हणूनच गुळण्या दिवसातून अनेकदा कराव्या लागतात. मिठाच्या या सौम्य पाण्याने जंतू मरतात, ही समजूत मात्र सोडून दिलेली बरी. जंतूंना खरोखर आवरील इतके मीठ घालावयाचे म्हटले, तर लोणच्याच्या बरणीइतके घालावे लागेल, आणि ते घशाला सोसणार नाही.

व्यवहारात हे प्रमाण कसे साधावे? 250 मिलिलिटर पाण्यात, म्हणजे साधारण एका मोठ्या पेल्यात, बारीक मिठाचा अर्धा सपाट चमचा. येथे चमचा म्हणजे औषधाचा पाच मिलिलिटरचा चमचा. अर्ध्या चमच्यात सुमारे तीन ग्रॅम मीठ मावते आणि पाणी साधारण 1.2 टक्के खारे होते, म्हणजे अश्रूंपेक्षा किंचित खारट. लिटरभर पाणी करावयाचे असेल तर दोन सपाट चमचे. घरातील चमच्यांवर भरवसा ठेवू नये. कोणाच्या घरी चहाचा चमचा एवढासा, तर कोणाकडे त्याच नावाचा चमचा दुप्पट खोल. त्यापेक्षा खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जे प्लास्टिकचे मापाचे झाकण येते, ते धुऊन, कोरडे करून वापरावे. त्यावरील अडीच मिलिलिटरच्या खुणेपर्यंत बारीक मीठ भरले, की एका पेल्याचे माप झाले. चिमटीचे माप तर मुळीच धरू नये. दोन बोटांच्या चिमटीत अर्धा ग्रॅमही मीठ क्वचितच येते. तेवढ्याने पाणी जेमतेम मचूळ होते आणि सुजेतील पाणी ओढून घेण्याचे काम घडत नाही.

माप हाताशी नसेल तर जिभेवर विसंबावे. अश्रूंची चव प्रत्येकाला ठाऊक आहे. गुळणीचे पाणी त्याहून थोडेसेच खारट लागले पाहिजे. समुद्राचे पाणी सुमारे साडेतीन टक्के खारे असते. पोहताना ते चुकून तोंडात गेल्यावर जो घसा ओढल्यासारखा होतो, तसा अनुभव गुळणीच्या वेळी आला तर मीठ निश्चित अधिक झाले आहे. ‘जास्त मीठ, जास्त गुण’ हा हिशेब येथे चालत नाही. अति खाऱ्या पाण्याने अस्तर कोरडे पडते, जळजळ होते, गुळणीनंतर वारंवार पाणी प्यावेसे वाटते आणि मळमळते. अशी लक्षणे दिसली की मीठ निम्मे करावे. तोंडात छाले आले असतील तर आरंभापासूनच पाव चमचा पुरे, एरवी झोंबेल.

मीठ कोणते घ्यावे, याची चर्चा घराघरांत होते. बारीक आयोडिनयुक्त मीठ, सैंधव, काळे मीठ यांच्यात गुळणीच्या दृष्टीने सांगण्यासारखा भेद नाही. बारीक मीठ लवकर विरघळते आणि चमच्याने मोजले असता प्रमाण चुकत नाही, एवढेच त्याच्या बाजूने. खडे मीठ असेल तर ते आधी पूर्ण विरघळवून घ्यावे. तळाशी राहिलेले खडे शेवटच्या घोटाबरोबर दुखऱ्या घशावर घासतात. हळद घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. ती पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते आणि पेला व दात पिवळे करते. घालावयाची असेल तर चिमूटभर घालण्यास हरकत नाही, पण तिच्यावाचून गुळणी अपुरी राहते असे नाही. तुरटी, निलगिरीचे तेल किंवा जंतुनाशक द्राव अंदाजाने पाण्यात मिसळणे मात्र टाळावे.

पाणी पिण्यायोग्य असावे, कारण कितीही जपले तरी थोडेफार पोटात जातेच. ते कोमट कसे करावे, याची एक सोपी युक्ती आहे. उकळून निवलेले तीन भाग पाणी आणि खळखळ उकळते एक भाग पाणी एकत्र करावे. थंडीत माठातील किंवा पिंपातील पाणी वीस अंशांच्या आसपास असते. असे तीन भाग आणि शंभर अंशांचा एक भाग मिळून मिश्रण सुमारे चाळीस अंशांवर येते. शरीराच्या तापमानापेक्षा हे थोडेसेच अधिक आहे आणि घशाला तेवढेच सुखावह वाटते. उन्हाळ्यात पिंपातील पाणी मुळात अधिक उबदार असते, तेव्हा मिश्रण पाच-सात मिनिटे तसेच ठेवून मग वापरावे. मनगटाच्या आतील बाजूवर थोडे पाणी टाकून पाहावे. ऊब जाणवली पाहिजे, चटका नव्हे. मीठ आधी गरम पाण्यात विरघळवून मग त्यात गार पाणी घालावे, म्हणजे खडा राहत नाही. स्टीलच्या पेल्याची कड पाण्याइतकीच तापते, हे लहान मुलांना पेला देताना ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष कृती. मोरीपाशी किंवा बेसिनपाशी सरळ उभे राहावे. मोठा चमचाभर, म्हणजे पंधरा-वीस मिलिलिटर पाण्याचा घोट घ्यावा. तोंड गच्च भरू नये. भरलेल्या तोंडाने मान मागे टाकली की पाणी सांडते किंवा गिळले जाते. मग नाकाने नेहमीसारखा श्वास आत घेऊन हनुवटी वर करावी. छत दिसेल इतकीच मान मागे न्यावी, त्यापलीकडे नको. आता तोंड थोडे उघडे ठेवून ‘आऽऽ’ असा आवाज काढीत श्वास सावकाश बाहेर सोडावा. हा आवाज म्हणजे निव्वळ हौस नव्हे. श्वास बाहेर जात असतो तोवर हवेचा प्रवाह पाण्याला श्वासनलिकेत उतरू देत नाही आणि तोच प्रवाह पाणी खळखळवून टॉन्सिलभोवती फिरवतो. ‘ओऽऽ’ म्हटले तर जिभेचा मागचा भाग थोडा वेगळ्या रीतीने हलतो आणि पाणी जरा आतपर्यंत जाते, असे अनेकांना जाणवते. दोन्ही आळीपाळीने करून पाहावे. श्वास संपत आला, साधारण दहा-पंधरा सेकंदांनी, की मान पुढे आणून पाणी थुंकावे आणि मगच पुढचा श्वास घ्यावा. पाणी घशाशी असताना श्वास आत ओढणे ही गुळणीतील एकमेव धोक्याची गोष्ट आहे. ठसका लागतो तो तेथेच. दोन मुले शेजारी उभी राहून एकमेकांचे आवाज ऐकून हसू लागली की हटकून असेच होते, म्हणून लहान मुलांना गुळण्या एकेकट्याने करावयास लावाव्यात. एका पेल्यात असे बारा ते सोळा घोट होतात आणि सगळा विधी चार-पाच मिनिटांत आटोपतो.

आवाजावरून गुळणी नीट होत आहे की नाही ते कळते. खोल, घोगरा, बुडबुड्यांचा आवाज आला तर पाणी घशाशी आहे. ओठांजवळचा पातळ खुळखुळ आवाज आला तर ती चूळ आहे. ज्यांना ‘उलटी येते’ म्हणून गुळणी जमत नाही, त्यांनी घोट निम्मा घ्यावा, मान कमी वळवावी आणि पाच सेकंदांपासून आरंभ करावा. दोन-तीन दिवसांत ती सवय होते.

दिवसातून तीन ते चार वेळा गुळण्या पुरेशा आहेत : सकाळी उठल्यावर, दुपारच्या जेवणानंतर, सायंकाळी आणि झोपण्यापूर्वी. त्यांतही झोपण्यापूर्वीची आम्ही महत्त्वाची मानतो, कारण रात्री तोंडाने श्वास घेतल्याने घसा कोरडा पडतो आणि कफ घट्ट होऊन बसतो. गुळणीनंतर पंधरा-वीस मिनिटे काही खाऊ-पिऊ नये. दर तासाला गुळणी करून घसा लवकर बरा होत नाही, उलट कोरडा पडतो. घसा दुखणे थांबले की गुळण्याही थांबवाव्यात. निरोगी माणसाने वर्षभर रोज मिठाच्या गुळण्या करण्याचे प्रयोजन नाही.

रोज साध्या पाण्याने गुळण्या केल्याने सर्दी-पडसे टळते का, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचा थोडा अभ्यासही झाला आहे. जपानमध्ये बाहेरून घरी आल्यावर गुळण्या करण्याची रीत रूढ आहे. त्या रीतीला ‘उगाइ’ म्हणतात. तेथील संशोधकांनी 387 निरोगी प्रौढांचे तीन गट करून त्यांचे साठ दिवस निरीक्षण केले आणि 2005 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांना पडसे होण्याचे प्रमाण नेहमीप्रमाणे राहणाऱ्यांपेक्षा 36 टक्क्यांनी कमी आढळले. गंमत अशी, की आयोडिनयुक्त जंतुनाशकाने गुळण्या करणाऱ्यांना तसा लाभ दिसला नाही. मात्र या अभ्यासात मीठ नव्हतेच, हे विसरता कामा नये. मिठाच्या पाण्याचा एक लहान प्रयोग एडिंबरा येथे झाला व 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सहासष्ट प्रौढांपैकी ज्यांनी सर्दी होताच नाक धुणे आणि गुळण्या अशा दोन्ही गोष्टी खाऱ्या पाण्याने केल्या, त्यांचे आजारपण सरासरी सुमारे दोन दिवसांनी लवकर आटोपले. प्रयोग लहान होता आणि लाभ नाक धुण्याचा की गुळणीचा, हे त्यावरून वेगळे काढता येत नाही. एवढ्या आधारावर मोठे दावे करणे योग्य नव्हे. घशाला आराम पडतो, हे मात्र करणाऱ्याला स्वतःलाच कळते.

वसतिगृहात हे सारे कसे बसवावे, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका रात्री बारा विद्यार्थ्यांचा घसा दुखत आहे. प्रत्येकी 250 मिलिलिटरप्रमाणे तीन लिटर पाणी लागेल. सव्वादोन लिटर उकळून निवलेले पाणी पातेल्यात तयार ठेवावे. पाऊण लिटर पाणी उकळून त्यात सहा सपाट चमचे मीठ विरघळवावे, मग ते पातेल्यात ओतून ढवळावे आणि ऊब मनगटावर पाहावी. पातेल्यातून पाणी काढण्यासाठी वेगळा ओगराळा असावा. प्रत्येकाने आपला पेला पुढे करावा, पेला पातेल्यात बुडवू नये. एकाचा पेला दुसऱ्याने वापरणे तर सर्वस्वी वर्ज्य, कारण घशाचा आजार पसरण्यास तो सर्वांत जवळचा मार्ग आहे. गुळणी करताना आणि थुंकताना बारीक तुषार उडतात. म्हणून गुळण्या भांडी घासण्याच्या जागी किंवा पिण्याच्या पाण्याच्या नळापाशी करू नयेत. न्हाणीघरातील मोरी त्यासाठी योग्य, आणि नंतर तीत भरपूर पाणी ओतावे. उरलेले पाणी बाटलीत भरून दुसऱ्या दिवसासाठी ठेवण्याची काटकसर करू नये. सहा चमचे मिठाची किंमत ती काय?

याच बारा जणांतील आठवीतील एका विद्यार्थिनीकडे आता जरा बारकाईने पाहू. इतर अकरा जणांचे नाक वाहते आहे, खोकला आहे, आवाज बसला आहे आणि अंगात कसकस आहे. ही लक्षणे बहुधा विषाणूंनी होणाऱ्या साध्या पडशाची असतात. ते चार-सहा दिवसांत आपोआप ओसरते आणि तेथे गुळणी हा उत्तम सोबती आहे. या मुलीला मात्र ना सर्दी, ना खोकला. ताप एकाएकी चढला आहे, गिळताना डोळ्यांत पाणी येते, जबड्याखालच्या मानेतील गाठी दाबल्या की दुखतात, आणि विजेरीच्या प्रकाशात टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात. खोकला नसणे हे येथे चांगले चिन्ह नसून सावध करणारे चिन्ह आहे. अशी लक्षणे एकत्र दिसली की घशात स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूंचा संसर्ग असण्याचा संभव बराच असतो. गुळण्यांनी या मुलीलाही बरे वाटेल आणि नेमका धोका तेथेच आहे. दुखणे हलके होते, पण जंतू टॉन्सिलच्या आत सुरक्षित राहतात. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांत त्याचे पर्यवसान संधिवाताच्या तापात होते. सांधे एकामागून एक सुजतात, आणि सांधे पुढे बरे झाले तरी हृदयाच्या झडपांना कायमची इजा होऊ शकते. हा आजार मुख्यत्वे पाच ते पंधरा या वयोगटात आढळतो, आणि दाटीवाटीने राहणाऱ्या मुलांत हे जंतू लवकर पसरतात. आपल्या वसतिगृहांतील बहुतेक मुले याच वयाची असतात.

हे टाळता येते. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन वर्गातील योग्य औषध सुरू झाले, तर संधिवाताचा ताप रोखला जातो. तोंडावाटे द्यावयाचे औषध साधारणतः दहा दिवसांचे असते आणि तिसऱ्या दिवशी घसा दुखणे थांबले तरी ते पुरे करावेच लागते. तेव्हा या विद्यार्थिनीला ‘दोन दिवस गुळण्या करून बघू’ असे न सांगता दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. निदान डॉक्टरांनीच करावयाचे आहे; वर सांगितलेली चिन्हे केवळ कोणाला थांबवू नये हे ओळखण्यासाठी. पालकांनीही घरी हेच पाहावे. काही लक्षणांत तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहू नये. स्वतःची लाळही गिळता न येणे, तोंड नीट न उघडणे, तोंडात गरम घास असल्यासारखा दबका आवाज येणे, श्वास घेताना घरघर होणे, किंवा घशात करड्या रंगाचा चिकट पापुद्रा दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर पाणी तापवत बसण्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावे. करडा पापुद्रा हे घटसर्पाचे लक्षण असू शकते. घसा साधाच दुखत असला तरी आठवड्याभरात उतार न पडल्यास डॉक्टरांना दाखवावे.

गुळण्या कोणी करू नयेत, याचे उत्तर बव्हंशी एका गोष्टीवर अवलंबून आहे : पाणी घशाशी धरून, न गिळता, न ठसकता बाहेर टाकणे ज्याला साधते त्यानेच त्या कराव्यात. सुमारे सहा वर्षांखालील मुलांना हे जमत नाही. सहा वर्षांनंतरही आधी साध्या पाण्याने करून घ्यावे. मुलाने पाच-सहा घोट न गिळता टाकले तरच मीठ घालावे. लहानग्यांचा घसा दुखत असेल तर कोमट पेज किंवा वरणाचे पाणी घोटघोट पाजणे अधिक सोयीचे. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले, कंपवाताने ग्रासलेले, किंवा जेवताना वारंवार ठसका लागणारे वृद्ध यांनीही गुळण्या टाळाव्यात, कारण त्यांच्या बाबतीत पाणी फुप्फुसात उतरण्याचे भय असते. गुंगीत असलेल्या रुग्णाला गुळणी करावयास लावणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. दातांच्या दवाखान्यातून भूल दिलेल्या तोंडाने परतलेल्यांनी बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत गरम काहीही तोंडात घेऊ नये. चटका बसला तरी त्यांना कळत नाही.

दात काढल्यानंतर पहिले चोवीस तास चूळ किंवा गुळणी यांपैकी काहीही करू नये. दाताच्या खाचेत रक्ताची जी गुठळी बसते, ती जखमेचे झाकण असते. खळखळून ती निघाली, तर हाड उघडे पडून दोन-तीन दिवसांनी तीव्र ठणका लागतो. चोवीस तास उलटल्यावर मात्र जेवणानंतर हेच मिठाचे पाणी तोंडात अलगद फिरवून, जोर न लावता, ओठांतून ओघळू द्यावे, असे दंतवैद्य सांगतात. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतरही जोराने गुळण्या केल्यास रक्तस्राव होऊ शकतो. तेथे शल्यविशारदाने परवानगी दिल्यावाचून त्या सुरू करू नयेत.

रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले पालक आम्हांला अनेकदा विचारतात, की मीठ वर्ज्य असताना गुळण्या चालतील का? एका पेल्यात सुमारे तीन ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढाने दिवसभरात सर्व अन्नातून मिळून पाच ग्रॅमहून कमी मीठ घ्यावे. म्हणजे पेला पूर्ण प्यायला तर दिवसाच्या वाट्याचे निम्म्याहून अधिक मीठ पोटात गेले. पाणी थुंकले जात असेल तर पोटात जाणारे मीठ नगण्य राहते, आणि शेवटी एकदा साध्या पाण्याने चूळ भरली की तोंडात राहिलेले मीठही निघते. तेव्हा थुंकण्याची खात्री असेल तर त्यांना बहुधा प्रत्यवाय नसतो. काही जण मात्र ‘आत गेले तर आतूनही शेक बसेल’ म्हणून अखेरचे दोन घोट मुद्दाम गिळतात. या मंडळींनी ते अजिबात करू नये. ज्यांना डॉक्टरांनी मिठाचे कडक पथ्य सांगितले आहे, त्यांनी नुसत्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात. ऊब आणि ओलावा यांचा लाभ त्यांना तेवढ्याने मिळतोच. मधुमेही व्यक्ती आणि गर्भवती स्त्रिया यांना गुळणीची मनाई नाही. गर्भवतीला रक्तदाबाचा किंवा सुजेचा त्रास असेल तर थुंकण्याविषयी वर सांगितलेली दक्षता तिनेही घ्यावी.

दम्यासाठी औषधाचा पंप ओढणारे विद्यार्थी दरवर्षी आपल्याकडे असतात. त्यांच्यापैकी ज्यांच्या पंपात स्टेरॉइड असते, त्यांना पंपानंतर चूळ भरून गुळणी करण्यास डॉक्टर सांगतात, कारण औषध घशात साचून राहिले तर तेथे बुरशीचे पांढरे डाग येतात. ही गुळणी रोजची, वर्षभराची आहे. तिच्यात मीठ नको. नळाचे पिण्यायोग्य साधे पाणी पुरते, आणि तेही थुंकावयाचेच असते.